पहिला उकार की दुसरा?

इंग्रजी शब्दकोडी सोडवणाऱ्या लोकांची एक जुनी सवय असते. क्लू अनेकवचनी दिसला की उत्तर माहीत नसतानाही शेवटच्या चौकोनात पेन्सिलीने हलकेच S लिहून ठेवायचा. क्लू भूतकाळी असला तर शेवटी ED. मग उभे शब्द येऊन त्या अक्षरांना दुजोरा देतात किंवा खोडरबर हातात घ्यायला लावतात. आमच्या टीममधे जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी कोडं घेऊन बसणारे दोघंतिघं आहेत, त्यांच्याकडून हे मी शिकलो. पण मराठी कोडं घेऊन बसलं की ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. कारण मराठीत अनेकवचन शेपटाला चिकटणारं वेगळं अक्षर नसतंच. ते असतं काना, मात्रा, वेलांटीत. म्हणजे चौकोनाच्या आत.

थांबा, जरा उलगडून सांगतो. मराठी कोड्यात एका चौकोनात एक अख्खं अक्षर बसतं, स्वरचिन्हासकट. 'घोडा' दोन चौकोन, 'घोडे' पण दोनच. 'बसणे', 'बसला', 'बसली', 'बसले' सगळे तीन तीन. चौकोन मोजून एकवचन की अनेकवचन, भूतकाळ की मूळ रूप, हे बहुतेक वेळा कळतच नाही. कॉम्प्युटरला मात्र काही वेळा कळतं, कारण तो अक्षर मोजत नाही, तुकडे मोजतो. पायथन उघडून बघा:

```
>>> len("सून"), len("सुना")
(3, 4)
```

कागदावर दोन्ही शब्द दोन चौकोनांचे. जो फरक आहे तो चौकोनात दडलेल्या चिन्हांचा. मराठी कोडं सोडवणाऱ्याची खरी मदार ह्या चिन्हांवर असते.

हे सगळं मला कळायचं कारण म्हणजे आमचे आबा. माझे आजोबा. सेलूला असतात, परभणी जिल्ह्यातलं सेलू. (वर्ध्याकडे पण एक सेलू आहे, तिथल्या मंडळींनी रागावू नये.) कापसाच्या अडत दुकानावर चाळीस वर्षं मुनीम होते. रविवारच्या पुरवणीतलं कोडं ते शाईच्या पेनाने सोडवायचे, पेन्सिल त्यांना कमीपणाची वाटायची. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. बघतील तिथलं मधलं पुसट, कडेचं बरं. समोर माणूस आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची. भिंगाने मोठी अक्षरं काही दिवस वाचली त्यांनी. पण त्यातही ओळखू येईनाशी झाली ती वेलांटी आणि उकार. 'मु' आणि 'मू' मधला फरक म्हणजे एक बारीकसा शेपटा, तो त्यांना दिसेना. आणि एका रविवारी त्यांनी पेन खिशातून काढून टेबलाच्या खणात ठेवलं. आज्जी म्हणाली, त्या दिवशी ते जेवले पण नाहीत नीट.

तेव्हापासून कोडं आम्ही फोनवर सोडवतो. मी पुण्यात ई-पेपर उघडून बसतो, आबा सेलूत ओसरीवर. चौकटीची रचना मी एकदा सांगायची, ती ते डोक्यात ठेवतात. कितव्या चौकोनात कोण कोणाला छेदतं हे त्यांच्या डोक्यात वहीच्या पानासारखं पक्कं असतं. मुनीमगिरी! अट एकच, उत्तर मी सांगायचं नाही.

आता गंमत बघा. बोलताना 'सु' आणि 'सू' आपण कुठे इतके वेगळे बोलतो? फोनवर तर अजिबात नाही. म्हणून प्रत्येक अक्षराला आबा विचारतात, "उकार पहिला की दुसरा?" शाळेत आपण म्हणायचो ना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, तेच. ऱ्हस्व म्हणजे पहिली, दीर्घ म्हणजे दुसरी. सुरुवातीला मला वाटायचं की मुनीम माणूस, काटेकोरपणाची सवय असेल. पण ते शुद्धलेखन तपासत नव्हते. ते वचन ओळखत होते.

मागच्या महिन्यातला एक कोपरा देतो, म्हणजे कळेल. १ आडवा: 'स्नुषा', दोन अक्षरं. १ उभा: 'लाकूडकाम करणारा', तीन अक्षरं. २ उभा: 'होडी', दोन अक्षरं. आणि खाली ३ आडवा: 'मिशीवर देतात तो', दोन अक्षरं.

स्नुषा म्हणजे सून, हे सगळ्यांना येतं. पट्कन लिहून टाकावंसं वाटतं. पण 'स्नुषा' हा आकारान्त स्त्रीलिंगी तत्सम शब्द आहे. शाळा, भाषा, कन्या, माता ह्यांच्यासारखाच, एक असली तरी स्नुषा आणि चार असल्या तरी स्नुषा. म्हणजे क्लू बघून वचन कळायला काही मार्गच नाही. उत्तर 'सून' असेल किंवा 'सुना' असेल, दोन्ही दोनच अक्षरी.

"आबा, सून लिहू?"

"थांब की. सुताराचा उकार कोणता?"

सुतार. पहिला उकार. आणि 'सून' मधे दुसरा. म्हणजे पहिलाच चौकोन सांगतोय की उत्तर 'सुना' आहे. शेवटचं अक्षर अजून माहीत नसताना! मग २ उभा 'ना' ने सुरू व्हायला हवा, होडी म्हणजे 'नाव', बसलं. खाली 'ता' आणि 'व', मिशीवर देतात तो ताव. कोपरा बंद झाला.

```
सु  ना
ता  व
र   ■
```

ह्यामागचा नियम शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेला आहे, फक्त कोड्यासाठी वापरलेला नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे जे नियम केले त्यात तो आहे. शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: सून, फूल, वीट, गरीब, वकील. आणि शेवटचा स्वर दीर्घ असेल तर आधीचा इकार-उकार ऱ्हस्व: किडा, विळी, सुरू. आता अनेकवचन करताना होतं काय? 'सून' चा 'न' जाऊन 'ना' येतो. शेवट दीर्घ झाला, की आधीचा 'सू' आपोआप 'सु' होतो. मूल-मुले, फूल-फुले, चूक-चुका, वीट-विटा, जीभ-जिभा, बहीण-बहिणी. शेपूट बदललं की डोकं पण बदलतं. मग उलटं पण खरं. डोकं बघून शेपूट ओळखता येतं. इंग्रजीवाल्यांना अनेकवचनासाठी शब्दाच्या शेवटच्या चौकोनावर छेदणारं अक्षर लागतं, आपल्याला आधीच्या चौकोनावरचं पण पुरतं.

काही शब्दांत तर वेलांटीवर पण थांबायला नको. 'पाऊल' मधला चौकोन 'ऊ', 'पावले' मधला 'व'. देऊळ-देवळे तसंच. मधल्या चौकोनात कुठूनतरी 'व' आला की अनेकवचन ठरलं. आणि 'सासू' चं 'सासवा' होताना चौकोनच दोनाचे तीन होतात, तिथे नुसतं मोजलं तरी भागतं.

पण हा नियम डोळे झाकून वापरायचा नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्याला जुमानत नाहीत. 'गीत' चं 'गीते' होतं, 'सूत्र' चं 'सूत्रे' होतं, पहिलं अक्षर दीर्घच राहतं. उलट बाजूने 'गुण' आणि 'विष' अकारान्त असूनही ऱ्हस्व. म्हणून आबांचा क्रम असा: आधी उत्तर मराठमोळं आहे की संस्कृत ते ठरवायचं, मगच उकाराचं ऐकायचं. क्लू संस्कृत असेल तर उत्तर बहुधा मराठमोळं असतं (स्नुषा-सून, जिव्हा-जीभ), कारण कोडं करणाऱ्याला प्रतिशब्दच द्यायचा असतो. क्लू मराठमोळा असला तर मात्र सावध.

आता दुसरी अडचण, आणि ही जास्त फसवी आहे. शेवटची मात्रा. समजा शेवटच्या चौकोनात छेदणाऱ्या शब्दामुळे एकारान्त अक्षर आलं. आपण म्हणतो, चला, अनेकवचन. पण मराठीतला हा 'ए' भलताच कामसू आहे. 'आंबे' मधे तो पुल्लिंगी अनेकवचन करतो, 'घरे' मधे नपुंसकलिंगी अनेकवचन, आणि 'केळे', 'तळे' मधे चक्क एकवचन असतो. शिवाय 'बसणे' मधे क्रियापदाचं मूळ रूप आणि 'बसले' मधे भूतकाळ. एकट्या 'ए' वरून काहीच ठरत नाही. ठरतं ते तो 'ए' कोणत्या व्यंजनावर आहे त्यावरून, आणि क्लूच्या रूपावरून.

'णे' आला तर क्रियापद, 'ले' आला तर भूतकाळ, इथवर ठीक. पण 'णे' तरी कुठे सरळ आहे? 'धान्याचे कण' ह्याचं उत्तर 'दाणे', तो 'दाणा' ह्या पुल्लिंगी शब्दाचं अनेकवचन. पाहुणे, उखाणे, फुटाणे त्याच रांगेतले. 'नाणे' आणि 'लेणे' मात्र एकवचन, त्यांचं अनेकवचन नाणी आणि लेणी. म्हणजे 'ा-णे' असे दोन चौकोन भरले तरी ते खाणे, दाणे की नाणे हे क्लूनेच सांगायला हवं. त्यासाठी एक साधी चाचणी: क्लू एका छोट्या वाक्यात ठेवायचा आणि मग त्याच जागी उत्तर ठेवायचं. वाक्यातलं क्रियापद बदलावं लागलं तर रूप चुकलंय. 'धान्याचे कण सांडले', 'दाणे सांडले', जमलं. 'दाणा सांडले' जमत नाही. चाचणी अगदी बाळबोध आहे, पण अर्धे गोंधळ हिच्यातच मिटतात.

अर्धेच का? कारण पुल्लिंगी शब्द आकारान्त नसला तर अनेकवचनात बदलतच नाही. क्लू 'घोडे' असेल तर उत्तर 'अश्व' असू शकतं, एकारान्त काही शोधत बसायचं नाही. क्लू अनेकवचनी म्हणून उत्तराला मात्रा असलीच पाहिजे असं नाही. इंग्रजीत तो पेन्सिलीचा S बहुतेक वेळा बरोबर निघतो. मराठीत शेवटच्या चौकोनात आधीच मात्रा देऊन ठेवणं म्हणजे जुगार.

आणि आता भूतकाळ. इथे मराठीचं व्याकरण एक सुंदर खोडी काढतं. गेल्याच रविवारचा क्लू: 'भोजन केले', तीन अक्षरं. 'केले' म्हणजे भूतकाळ, हे नक्की. मग 'जेवले' लिहायचं?

आबा म्हणाले, "केले कशाचं आहे बघ. भोजनाचं आहे. जेवणाऱ्याचं नाही."

एक मिनिट लागला मला. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं. त्याने भोजन केले, तिने भोजन केले, त्यांनी भोजन केले. कर्ता कोणीही असो, 'केले' काही हलत नाही, कारण ते नपुंसकलिंगी 'भोजना'ला बांधलेलं आहे. पण 'जेवणे' कर्त्याप्रमाणे चालतं. तो जेवला, ती जेवली, ते जेवले. म्हणजे क्लूने काळ सांगितला, पण लिंग आणि वचन लपवलं. ला, ली की ले हे क्लूकडून कधीच कळणार नाही. तिथे तिसऱ्या चौकोनावरून जाणारा उभा शब्दच निकाल देतो. आमच्याकडे तो होता 'मग्न, नम्र', दोन अक्षरं. 'लीन'. म्हणून 'जेवली'. कोड्यात कोण बाई जेवली ते देव जाणे, पण जेवली. :-)

तेव्हा भूतकाळी क्लूला माझी पद्धत आता अशी आहे. पहिले दोन चौकोन भरायचे, तिसरा मोकळा ठेवायचा, आणि त्यावरून जाणारा शब्द आधी सोडवायचा. काही क्रियापदांत तर पहिल्याच चौकोनात निकाल लागतो: करणे-केले, देणे-दिले, जाणे-गेले, येणे-आले. उभ्या शब्दाने 'दि' दिला तर 'देणे' बाद. आणि काहींत चौकोनांची संख्याच बोलते. 'कथन करणे' तीन अक्षरी सांगणे, 'कथन केले' चार अक्षरी सांगितले. मागणे-मागितले, घेणे-घेतले, धुणे-धुतले ही त्याच घरातली.

(एक आमच्याकडची गंमत. सेलूत फोन उचलल्या उचलल्या आबा विचारतात, "काय करू लालास?" पुण्याच्या माझ्या रूममेटला वाटलं की हा 'ला' भूतकाळी आहे. नाही हो. करू लागलास, त्याचं घासून घासून 'करू लालास', अर्थ 'काय करतो आहेस'. आमचा 'ला' वर्तमानातला आहे. कोड्यात मात्र प्रमाण भाषाच असते, त्यामुळे तिथे घोळ होत नाही. बोलण्यातलं 'केलं, घरं, केळं' हे अनुस्वारी रूपही कोड्यात सहसा येत नाही, 'केले, घरे, केळे' असंच येतं.)

ह्या सगळ्याला एक मोठी मर्यादा आहे. कोडं करणाराच जर वेलांटी-उकाराला मानत नसेल तर आबांची सगळी विद्या फुकट. अशी कोडी असतात, बरीच असतात. जागा जुळत नाही म्हणून 'सु' आणि 'सू' एकाच चौकोनात बसवतात. ते ओळखायचं असं: ज्यांची उत्तरं शंभर टक्के पक्की आहेत असे दोन छेदणारे शब्द घ्या आणि त्यांचं सामाईक अक्षर तपासा. समजा 'धान्य पाखडायचे साधन' सूप आणि 'लाकूडकाम करणारा' सुतार एकाच चौकोनातून निघालेत. मिटलं. त्या अख्ख्या कोड्यात ऱ्हस्व-दीर्घाचा पुरावा ग्राह्य धरायचा नाही. मग उरतात फक्त काना आणि मात्रा, कारण 'ना' च्या जागी 'न' बसवायची हिंमत सहसा कोणी करत नाही. तेव्हा 'सून की सुना' ठरवायला दुसऱ्या चौकोनापर्यंत जावंच लागतं. आबा पहिल्या पाच मिनिटांत ही परीक्षा घेतात आणि जाहीर करतात, "हा बाबा उकाराचा कच्चा आहे." मग त्या दिवशी ते उकार विचारत नाहीत, फक्त अक्षर विचारतात.

गेल्या दिवाळीत मी सेलूला गेलो तेव्हा आज्जीने हळूच सांगितलं की दर शनिवारी रात्री ते जुन्या कोड्यांच्या चौकटी डोक्यात मांडून बघतात, विसरत तर नाही ना म्हणून. मला जरा गलबललं. नजर गेली ते त्यांनी मान्य केलंय. हे गेलं तर काय, ही भीती त्यांना आहे, आणि ते ती कोणाला सांगत नाहीत. मीही विचारत नाही. मी फक्त रविवारी सकाळी चौकट नीट, सावकाश, ओळीने सांगतो. प्रत्येक अक्षराबरोबर न विचारता वेलांटी पहिली की दुसरी ते पण सांगायला लागलो होतो. त्यावर ते चिडले.

"मी विचारल्याशिवाय सांगू नको. कुठला उकार लागतो अन् कुठला नाही, तेवढंच तर माझ्याकडं राहिलंय."

बरोबर आहे त्यांचं. प्रत्येक उकार काही कामाचा नसतो. ज्या शब्दाचं वचन क्लूने लपवलंय, त्याच शब्दाच्या उपान्त्य अक्षराचा उकार लागतो. तो नेमका कोणता हे ओळखणं म्हणजेच कोडं सोडवणं.

येत्या रविवारच्या आधी तुमच्यासाठी एक. 'इष्टिका', दोन अक्षरं, आणि पहिल्या चौकोनातून खाली जाणारा शब्द आहे 'चपला, सौदामिनी', दोन अक्षरं, शेवटी 'ज'. उत्तर एकवचनी की अनेकवचनी? शेवटचं अक्षर बघायची गरज नाही.